रिजेक्ट झाल्यावर विचारायचंच असेल तर एकच प्रश्न विचारा

चिंचोळी एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात मी अकाउंट्स बघतो, माणसं घ्यायची वेळ आली की इंटरव्ह्यूपण माझ्याच गळ्यात. नकाराचा मेल गेला की काही पोरं उलट लिहितात, "सर, माझ्यात काय कमी होतं ते सांगा." खरं सांगू का, याला माझ्याकडून उत्तर जात नाही. राग वगैरे काही नाही ओ, पण ह्याला उत्तर म्हणजे निबंध लिहायचा, त्यात एखादा शब्द इकडेतिकडे झाला की स्क्रीनशॉट फिरणार. मग आपलं "दुसरा कँडिडेट जास्त सूटेबल वाटला" एवढ्यावर सुटायचं.

एका मुलीला मात्र मी चहा पिता पिता मोबाईलवरूनच उत्तर दिलं. नकार कळला त्याच्या दुसऱ्या दिवशी, त्याच मेलवर रिप्लाय करून तिनं लिहिलं होतं (इंग्लिशमध्ये होतं, मतलब असा):

"सर, कळवल्याबद्दल आणि वेळ दिल्याबद्दल आभार. निर्णयाबद्दल काही म्हणणं नाही. पुढच्या तयारीसाठी एकच विचारते, जीएसटीआर-२बी आणि परचेस रजिस्टर जुळवायच्या टेस्टमध्ये मी कमी पडले, की टीडीएसच्या प्रश्नांत? एका शब्दात सांगितलंत तरी पुरे, आणि कारण वेगळंच असेल किंवा सांगता येत नसेल तरी हरकत नाही."

बघा, दोन पर्याय तिनंच दिले, मला फक्त बोट ठेवायचं होतं. निर्णयावर बोलणार नाही हे आधीच सांगितल्यामुळं वादाची भीती गेली, आणि कधीकधी जागा आतल्याच माणसाला गेलेली असते, तर तसं सांगायला वाटपण ठेवली.

मी लिहिलं, "टेस्ट. फक्त बिल नंबरवर व्हीलुकअप लावलात, जीएसटीआयएन धरला नाही." झालं असं होतं की शीटमध्ये ४५ नंबरचं बिल दोन सप्लायरचं होतं, एक सुताचं एक डाईजचं. एक्सेलमधला व्हीलुकअप पहिलं सापडेल तेच उचलतो, त्यामुळं डाईजवाल्यासमोर सुताची रक्कम आली आणि तिनं उगाच मिसमॅच दाखवला. जीएसटीआयएन, म्हणजे सप्लायरचा जीएसटी नंबर, आणि बिल नंबर जोडून एक कॉलम केला असता तर दोन्ही बिलं आपापल्या जागी बसली असती. आता ही चूक अर्ध्या तासात सुधारते, पण नुसतं "काय कमी होतं" विचारलं असतं तर मी "एक्सेल सुधारा" म्हणून मोकळा झालो असतो, आणि ती बसली असती पिव्होटचे क्लास लावत.

म्हणून सांगतो, इंटरव्ह्यूहून बाहेर पडलात की बसस्टॉपवरच कुठं अडखळलात ते मोबाईलमध्ये लिहून ठेवा, नाहीतर नंतर विचारायला नेमका प्रश्नच सुचत नाही. व्हॉट्सअपवर रात्री मेसेज नको. उत्तर नाही आलं तर परत टोचू नका.

आणि आलं तर फक्त थँक्यू. एकानं मला उलट लिहिलं होतं की सर तुमची शीटच चुकीची होती, त्यानंतर बरेच दिवस मी कुणालाच उत्तर दिलं नाही.