बाथरूमच्या त्रुटींचं पत्र ताबा घेण्याआधीच द्या

आमच्या नव्या फ्लॅटचा ताबा आम्ही पाच आठवडे उशिरा घेतला. नातेवाइकांपैकी निम्म्यांना तो हट्ट वाटला. "अगं, बारीकसारीक कामं राहतातच, राहायला गेल्यावर करून घे," असं मावशी तीनदा म्हणाली. बिल्डरच्या ऑफिसातल्या मॅडमही तेच म्हणत होत्या, "पझेशन घ्या, मेंटेनन्स टीम येऊन सगळं करून देईल." या एका वाक्याला माझा विरोध आहे. का, ते आमच्याच उदाहरणावरून सांगते.

फ्लॅट पुण्यात, सहाव्या मजल्यावर, टू बीएचके. ताब्याआधी पाहणीला बोलावतात तेव्हा लोक हॉल बघतात, खिडक्यांच्या स्लायडिंगा सरकवतात, फोटो काढतात. आमच्या सोसायटीतले एक काका आयुष्यभर प्लंबिंगची कामं घेत आले. ते म्हणाले, "बाकी घर नजरेनं बघ. बाथरूम मात्र पाण्यानं बघायचं." म्हणून जाताना दोन बादल्या, स्टीलची पट्टी, पाणसळ, खडू आणि एक रुपयाचं नाणं घेऊन गेलो.

कॉमन बाथरूम सात बाय चार फुटांचं. जाळी शॉवरखालच्या कोपऱ्यात, दारापासून साधारण दीड मीटरवर. फरशीचा उतार शंभराला एक ते ऐंशीला एक असावा, म्हणजे दीड मीटरमध्ये दाराकडून जाळीपर्यंत १५ ते १९ मिलिमीटरची उतरण हवी. दोन बादल्या ओतल्या आणि अर्धा तास थांबलो. जाळीजवळची फरशी कोरडी झाली आणि दाराच्या आत डबकं राहिलं, पट्टीनं मोजलं तर ८ मिलिमीटर खोल. पाणसळ लावल्यावर कळलं, दाराजवळची फरशी मधल्या भागापेक्षा खालीच होती. माझ्या आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय आणि हे बाथरूम तीच वापरणार होती. आत पहिलं पाऊल पडतं नेमक्या त्याच जागी रोज पाणी साचणार होतं.

मग पाणी भरून ठेवायची चाचणी. जाळीत प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कापडाचा बोळा घट्ट बसवला, उंबऱ्याशी मातीचा बांध घातला, इंचभर पाणी भरलं आणि भिंतीवर चिकटपट्टी लावून पातळीची खूण केली. दोन्ही बाथरूममध्ये तसंच केलं आणि चोवीस तासांनी साइट इंजिनिअरसमोर मोजलं. बेडरूमच्या बाथरूममध्ये पातळी ३ मिलिमीटर उतरली होती. तेवढं पाणी हवेत उडतं किंवा सांध्यांत मुरतं, खालचं छतही कोरडं होतं. कॉमन बाथरूममध्ये मात्र १४ मिलिमीटर उतरली होती. इंजिनिअर सरांकडून पाचव्या मजल्यावरच्या रिकाम्या फ्लॅटची किल्ली घेतली. तिथल्या बाथरूमच्या छताला, पाइप उतरतात त्या डक्टच्या बाजूला, हातभर ओल आली होती.

इथे एक सांगायलाच हवं. चोवीस तासांत खाली ओल दिसली नाही म्हणजे वॉटरप्रूफिंग चांगलं, असा अर्थ होत नाही. बाथरूमचा स्लॅब बाकी घरापेक्षा खाली घेतलेला असतो, त्या संकन स्लॅबमध्ये फरशीखाली विटांच्या तुकड्यांचा कोबा असतो आणि तो आधी स्वतः पाणी पितो. ओल खाली उतरायला कधीकधी आठवडा लागतो. म्हणून पाण्याची पातळी मोजायची, शक्य असेल तर ४८ तास ठेवायची आणि खालचं छत चार-पाच दिवसांनी पुन्हा बघायचं.

भिंतीच्या टाइल्सवर नाणं वाजवत गेलो. भरीव टाइलचा आवाज खणखणीत येतो, पोकळ टाइलचा बद्द. अशा ११ टाइल्सवर खडूनं फुल्या मारल्या. मागे सिमेंट सगळीकडे न पसरता मधोमध एक गोळा लावून टाइल दाबली की कोपरे पोकळ राहतात. त्या अकरातल्या चार नेमक्या कमोडशेजारी होत्या, जिथे आईसाठी आधाराचं हँडल बसवायचं होतं. तिथे ड्रिल लावला असता तर टाइल तडकली असती, आणि नसती तडकली तरी त्या हँडलवर मी आईचा भार सोपवला नसता.

दुसऱ्या बाथरूममध्ये वास येत होता. तोही यादीत लिहिणार होते, पण काकांनी थांबवलं. जाळीखालच्या ट्रॅपमध्ये दोन इंच पाणी कायम राहायला हवं, तेच गटाराचा वास अडवतं. बंद फ्लॅटमध्ये ते सुकून जातं. दोन तांबे पाणी ओतलं आणि वास गेला. ती त्रुटी नव्हती, म्हणून खोडली. एक चुकीची तक्रार यादीत गेली की समोरचा तिच्यावरच बोट ठेवतो आणि उरलेल्या खऱ्या तक्रारीही मोडीत काढतो. आरशाचा ओरखडा, नळाच्या कव्हरवरचा रंग असल्या गोष्टीही मी पत्रात घातल्या नाहीत, इंजिनिअर सरांच्या वहीत लिहून दिल्या.

पत्र असं होतं. ईमेलनं पाठवलं आणि छापील प्रत स्पीड पोस्टनं.

"महोदय, आपल्या पत्रानुसार आम्ही सदनिकेची पाहणी केली. आम्ही ताबा घेण्यास तयार आहोत आणि करारातील शेवटचा हप्ताही तयार ठेवला आहे. मात्र कॉमन बाथरूममध्ये पुढील त्रुटी आढळल्या. त्या ताब्यापूर्वी दूर करून द्याव्यात, ही विनंती.

फरशीचा उतार जाळीकडे नसून दाराकडे आहे. दोन बादल्या पाणी ओतल्यावर अर्ध्या तासाने दाराच्या आत ८ मिलिमीटर पाणी साचलेले होते. छायाचित्र सोबत आहे. फरशी काढून दारापासून जाळीपर्यंत सलग उतार द्यावा.

चोवीस तास पाणी भरून ठेवल्यावर पातळी १४ मिलिमीटर उतरली. त्याच पद्धतीने तपासलेल्या दुसऱ्या बाथरूममध्ये ती ३ मिलिमीटर उतरली. खालच्या सदनिकेच्या छतावर डक्टच्या बाजूने ओल दिसते. ही पाहणी आपल्या साइट इंजिनिअरच्या उपस्थितीत झाली आहे. फक्त टाइल्सचे सांधे भरून ही दुरुस्ती करू नये. फरशी व खालचा भराव काढून पाइप भिंतीतून जातो ती जागा आम्हाला दाखवावी, ती बंद करून वॉटरप्रूफिंग नव्याने करावे व ते भिंतीवर किमान एक फूट चढवावे. भराव घालण्यापूर्वी ४८ तास आणि फरशी बसवल्यावर पुन्हा २४ तास पाणी भरून आमच्यासमोर चाचणी व्हावी.

भिंतीच्या ११ टाइल्स पोकळ आहेत. त्यांवर खडूने खुणा केल्या असून नकाशा जोडला आहे. त्या काढून मागे पूर्ण भरणा करून पुन्हा बसवाव्यात.

काम कधी सुरू होईल व कधी संपेल ते सात दिवसांत लेखी कळवावे. दुरुस्तीस लागणाऱ्या कालावधीसाठी आमच्याकडून विलंबाचे व्याज अथवा मेंटेनन्स आकारू नये."

"आम्ही ताबा घेण्यास तयार आहोत" हे वाक्य सर्वात आधी ठेवलं, कारण रेरा कायद्यात ग्राहकावरही बंधन आहे. भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यापासून दोन महिन्यांत ताबा घ्यायचा असतो, कलम १९ मध्ये तसं लिहिलंय. आमच्या करारात तर सूचनेपासून १५ दिवसच होते. नुसतं गप्प बसून पैसे अडवले असते तर थकबाकीदार आम्ही ठरलो असतो. हप्ता तयार आहे आणि अडलंय ते दुरुस्तीमुळे, हे तारखेसह कागदावर असायला हवं.

मॅडमनी मग कायद्याचाच आधार घेतला. "कायद्यात पाच वर्षं आहेत ना, मग काळजी कसली?" बरोबर आहे. रेराच्या कलम १४ प्रमाणे ताब्यापासून ५ वर्षांत बांधकामातला किंवा कामाच्या दर्जातला दोष दाखवला तर बिल्डरनं तो ३० दिवसांत, एक पैसाही न घेता दुरुस्त करायचा असतो, नाहीतर भरपाई द्यायची. हे कलम चांगलं आहे आणि ते मी सोडलेलं नाही. पण आमची दुरुस्ती म्हणजे फरशी फोडणं, भराव उपसणं, दोनदा पाणी भरून ठेवणं. रिकाम्या फ्लॅटमध्ये ते दोन-तीन आठवड्यांचं काम. राहत्या घरात, आईला घेऊन, एका बाथरूमवर, धुळीत? तेव्हा मीच थकून "बरं, सांधे भरून द्या" म्हटलं असतं, आणि ओल खालच्या शेजाऱ्यांच्या छताला येत राहिली असती. शिवाय वापर सुरू झाला की वाद बदलतो. गळती मुळातली की तुमच्या प्लंबरनं गीझर बसवताना पाइप दुखावला, हे सिद्ध करत बसावं लागतं. त्या दिवशी फ्लॅटला आमचा हातही लागला नव्हता.

आधी त्यांनी इपॉक्सीनं सांधे भरून देऊ असं कळवलं. सांधे भरले की वरून जाणारं पाणी काही महिने कमी होतं, खालची फट आहे तशीच राहते. आम्ही पत्राचा तोच परिच्छेद पुन्हा पाठवला. नवव्या दिवशी माणसं आली. भराव काढल्यावर दिसलं, जाळीचा पाइप डक्टच्या भिंतीतून जातो तिथे बोटभर फट होती आणि तीत सिमेंटच्या गोणीचा कागद कोंबून वरून प्लास्टर फिरवलं होतं. वॉटरप्रूफिंगचा थर तिथेच संपत होता. इंजिनिअर सर स्वतः खाली बसून बघत होते. म्हणाले, "ताई, हे बाकीच्या मजल्यांवर पण बघावं लागेल." त्या एका वाक्यासाठी मला त्यांच्याबद्दल आदर वाटला.

भरावाआधीची ४८ तासांची चाचणी पहिल्यांदा फसली, कोपऱ्यात पुन्हा ओल आली. थर परत दिला. दुसऱ्यांदा खालचं छत कोरडं राहिलं. नव्या फरशीवर चोवीस तासांत पातळी २ मिलिमीटर उतरली आणि ओतलेलं पाणी दाराकडून जाळीकडे सरळ निघून गेलं.

ताबापत्रावर छापील ओळ होती, "सदनिका सर्व दृष्टीने समाधानकारक स्थितीत मिळाली." तोवर अकरापैकी नऊच टाइल्स बदलल्या होत्या, दोन टाइल्स त्या रंगाच्या मिळत नव्हत्या. त्या ओळीखाली मी हातानं लिहिलं, "कॉमन बाथरूममधील दोन पोकळ टाइल्स वगळून," पुढे बदलून द्यायची तारीख घातली, त्यांच्या माणसाची सही त्या ओळीशेजारी घेतली आणि मगच माझी केली.