बक्षीसपत्रात राहून गेलेली एक ओळ

आत्याकडे गेलो तेव्हा ती बीपीची गोळी सुरीने अर्धी करत होती. डॉक्टरांनी सांगितलंय का, विचारलं. "नाही रे, पाकीट महिनाभर पुरवायचंय." पेन्शन येतं, पण एटीएम कार्ड मुलाकडे. राहतं घरही दोन वर्षांपूर्वी त्याच्या नावावर केलंय, बक्षीसपत्राने. महाराष्ट्रात राहतं घर मुलाला बक्षीस द्यायचं तर मुद्रांक शुल्क 200 रुपये, वर स्थानिक अधिभार काय असेल तो. एवढ्या स्वस्तात काम होतं, म्हणून सगळे हाच रस्ता सुचवतात. मृत्युपत्र मरेपर्यंत बदलता येतं. बक्षीसपत्र नोंदवून ताबा दिला की सहसा संपलं.

यावर तोड आहे ती 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 मध्ये. सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने सांभाळलं नाही, तर न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द करू शकतं. आपल्याकडे हे न्यायाधिकरण म्हणजे प्रांतसाहेब.

घोडं अडतं ते 'अट' या शब्दावर. 2022 मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं की अट होती हे दिसलं पाहिजे, नुसतं 'आईबापाचं प्रेम म्हणून दिलं' एवढं पुरत नाही. जानेवारी 2025 मध्ये मध्य प्रदेशातल्या एका आईच्या प्रकरणात कोर्टाने बक्षीसपत्र रद्द करून घर परत द्यायला लावलं. तिच्याकडे मुलाने लिहून दिलेलं वचनपत्र होतं, मरेपर्यंत सांभाळीन असं. आत्याच्या कागदात 'प्रेम व जिव्हाळ्यापोटी' एवढंच आहे. वकिलाने छापील मजकूर चिकटवला, तिने सही केली. 'तहहयात सांभाळ करण्याच्या अटीवर' ही एक ओळ कुणी घालायला सांगितली असती तर! (मुलगा समोर बसलेला असताना हे कोण बोलणार म्हणा.)

पोटगीचा अर्ज मात्र तिला आजही करता येतो. त्याला बक्षीसपत्र आड येत नाही. नोटीस गेल्यापासून 90 दिवसांत निकाल अपेक्षित असतो, आणि मूळ कायद्यात रक्कम महिना 10,000 पर्यंतच. हे सगळं मी तिला सांगितलं. ती ऐकून घेत होती, हातात तीच अर्धी गोळी.

"नोटीस कुठल्या पत्त्यावर येणार? याच ना? मग त्या रात्री मी झोपू कुठे?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आपण म्हणतो, म्हातारी माणसं लाजेखातर गप्प बसतात. लाज असतेच, पण आत्याचा हिशोब त्याहून रोखठोक आहे. दार उघडणारा तोच, दवाखान्यात नेणारा तोच आणि नातवाला तिच्या खोलीत पाठवणारा किंवा न पाठवणाराही तोच. 14567 ही ज्येष्ठांची हेल्पलाइन तिला पाठ आहे. फोन करायचा तर घरात कुणी नको, एवढंच.

शेवटी बँकेचं बोललो. खात्याला मोबाइल नंबर मुलाचा, ओटीपी त्यालाच जातो. नंबर बदलून जुनं कार्ड बंद करायला प्रांतही लागत नाहीत आणि वकीलही.

"मंगळवारी ये," म्हणाली. "तो ऑफिसला गेल्यावर. अकराच्या पुढे."