नियमांच्या पानावर एका गोष्टीला एकच नाव

बोर्ड गेमचे नियम मराठीत आणताना शाळेतल्या निबंधाची सवय फार नडते. तोच शब्द लगेच पुन्हा आला की आपला हात दुसऱ्या शब्दाकडे जातो. नियमपुस्तिकेत हे अजिबात चालत नाही, असं माझं ठाम मत आहे.

कोथरूडला आमच्याकडे खेळायला जमणाऱ्या मंडळींसाठी सध्या मी ‘कॅटान’च्या मांडणीचं पान मराठीत करतेय. त्यात प्रत्येकजण सुरुवातीला दोन वस्त्या आणि दोन रस्ते ठेवतो. चार खेळाडू असतील तर पहिली वस्ती 1, 2, 3, 4 या क्रमाने आणि दुसरी उलट, 4, 3, 2, 1 अशी. म्हणजे चौथा खेळाडू लागोपाठ दोनदा ठेवतो. सगळ्यांत शेवटी जागा मिळाल्याची ती भरपाई असते. आता इथे मी एकदा ‘फेरी’, एकदा ‘पाळी’ आणि एकदा ‘डाव’ लिहिलं, तर वाचणारा दुसऱ्या वेळीही सरळ पहिल्यापासूनच सुरू करणार. पहिल्याला दोन्ही वेळा आधी निवड मिळते आणि चौथा खेळ सुरू व्हायच्या आत मागे पडतो. शिवाय कुणाला काही चुकल्यासारखं वाटतही नाही. म्हणून माझं ठरलंय: एका माणसाची ती पाळी, सगळ्यांची मिळून फेरी आणि अख्खा खेळ म्हणजे डाव. पायरीच्या शेवटी एक पडताळणीचं वाक्यही घातलंय: ‘शेवटच्या खेळाडूने लागोपाठ दोन पाळ्या घेतल्या का, ते पाहा.’

पुढची पायरी याच्यावरच उभी आहे. सुरुवातीचा माल फक्त दुसऱ्या वस्तीला लागून असलेल्या प्रदेशांतून मिळतो. तिथे ‘नवी वस्ती’ असं लिहिलं की वाद सुरू!

पत्त्यांचंही तसंच. फाशांवर सात पडले की ज्याच्याकडे सातपेक्षा जास्त मालपत्ते आहेत, त्याने निम्मे परत करायचे, विषम असतील तर खालचा आकडा धरून. विकासपत्ते यात मोजत नाहीत. समजा हातात 9 मालपत्ते आणि 2 विकासपत्ते आहेत, तर 4 जातात. पण पानावर नुसतं ‘पत्ते’ असेल तर माणूस 11 मोजतो आणि 5 देऊन बसतो. त्यामुळे वाक्य कितीही जड झालं तरी मी ‘मालपत्ते’ पूर्णच लिहिते. आणि ते सक्तीचं असल्यामुळे ‘परत करा’ असंच लिहिते, ‘परत करू शकता’ असं नाही. ‘शकता’ हे क्रियापद फक्त ऐच्छिक गोष्टींसाठी, उदाहरणार्थ अदलाबदलीसाठी, राखून ठेवलंय.

शेवटची तपासणी कॉम्प्युटरवर करताना मराठीची विभक्ती आडवी येते. ‘वस्ती’ शोधलं तर ‘वस्त्यांना’ सापडत नाही, म्हणून ‘वस्त’ एवढंच टाकून शोधायचं. मग ‘वस्तू’ही मध्ये येते, त्यामुळे तो शब्द मी पानावरून काढूनच टाकलाय. रस्त्यासाठी ‘रस्त’.