दोन टक्के म्हणजे हजाराचे शेअर नव्हेत

"दोन टक्क्यांचा नियम करोडपतींसाठी. पन्नास हजारवाल्यानं हजाराचे शेअर घेऊन काय कमवायचं? स्टॉपलॉस असतोच. तोटा झाला तर पुढचा सौदा दुप्पट करा, भरून निघतो."

निपाणी-चिकोडीकडं उसाचं बिल जमा झालं की हा मेसेज फिरू लागतो. त्या पैशावर घर चालतं, म्हणून उत्तर द्यावंसं वाटलं.

पहिली चूक मुळातलीच आहे. दोन टक्के हा तोट्याचा आकडा आहे, खरेदीचा नव्हे. भांडवल ५०,००० असेल तर एका सौद्यात जास्तीत जास्त १,००० जाऊ द्यायचे. समजा, शेअर २४० ला घ्यायचा आहे आणि आपला अंदाज चुकला हे २३२ ला कळेल; तिथं विकून बाहेर पडायचं, हाच स्टॉपलॉस. म्हणजे शेअरमागे ८ रुपयांची जोखीम. १,००० भागिले ८, म्हणजे १२५ शेअर. खरेदी झाली ३०,००० ची! स्टॉप २२० ला ठेवावा लागला तर शेअर ५० च घ्यायचे. तोटा तोच हजाराचा. आधी भावाच्या तक्त्यावर स्टॉप ठरवायचा, मग संख्या काढायची. शेअर जास्त यावेत म्हणून स्टॉप जवळ ओढला, तर रोजच्या चढउतारातच तो लागतो.

दुपटीचा हिशेब कागदावर मांडून बघा. १,०००, २,०००, ४,०००, ८,०००, १६,०००: पाच तोट्यांत ३१,००० गेले, आणि सहाव्याला ३२,००० ची जोखीम घ्यायची तर हातात १९,००० च उरलेत. असं कुठं होतं, म्हणाल. नाणेफेकीसारखे निम्मे सौदे जिंकले तरी १०० सौद्यांत कधीतरी सलग पाच तोटे येण्याची शक्यता ८० टक्क्यांच्या आसपास असते. दोन टक्क्यांनी चालणाऱ्याची जोखीम मात्र तोट्यासोबत आपोआप घटते: १,००० नंतर ९८०, मग ९६०. सलग सहा हरला तरी त्याच्याकडं सुमारे ४४,३०० शिल्लक असतात.

स्टॉपलॉस असतो, पण तो फक्त ऑर्डर आहे, भावाची हमी नव्हे. कंपनीच्या तिमाही निकालानंतर सकाळी शेअर थेट २१६ ला उघडला, तर १२५ शेअरवर ३,००० जातात, म्हणजे सहा टक्के. भाव दिवसाच्या खालच्या मर्यादेला, म्हणजे लोअर सर्किटला अडकला तर घेणाराच नसतो. म्हणून निकालाच्या आदल्या दिवशी मी संख्या निम्मी करतो.

आपल्या भागासाठी एक गोष्ट जास्त महत्त्वाची. ऊस कळतो म्हणून अनेकजण तीन-चार साखर कारखान्यांचे शेअर एकदम घेतात आणि प्रत्येकात दोन टक्के धरतात. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रानं उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंदी घातली, तेव्हा साखरेचे शेअर एकत्रच पडले. कारखाने तीन असले तरी तो सौदा एकच होता. अशा वेळी दोन टक्के तिघांत मिळून वाटायचे: प्रत्येकी साधारण ३३० रुपये.