कॅप्शन "आहे की" म्हणणाऱ्यांसाठी

सकाळपासून डोकं फिरलंय म्हणून लिहितेय, लांब होणार आहे, ज्यांना वेळ नाही त्यांनी सरळ पुढं जावा.

झालं काय, आपल्याच भागातल्या एका चॅनेलनं जुन्या पैलवानाची मुलाखत टाकली. तालमीत, लाल मातीवर बसून, मस्त गप्पा. आबांना नीट ऐकू येत नाही, खालची अक्षरं वाचून ते समजून घेतात. त्यांना मी स्वतः लावून दिली, म्हटलं जुनी ओळखीची माणसं, खूश होतील. पाच मिनिटांत आबांनी फोन उलटा करून खाटेवर ठेवला. बघते तर काय, खाली पिवळी अक्षरं, एकेक शब्द टुणकन उडी मारून येतोय आणि जातोय. मागं लाल माती, पैलवानाचा पिवळसर फेटा, त्यावर पिवळा शब्द. आणि त्याच्याही खाली कुठल्यातरी फर्निचरवाल्याच्या जाहिरातीची पट्टी.

मी कमेंट केली की दादा, कॅप्शन वेगळी द्या, वाचता येत नाही. उत्तर आलं, "ताई कॅप्शन आहे की, नीट बघा." वर हसणारा इमोजी.

आता नीट बघाच तुम्ही सगळे. माणूस गप्पा मारताना मिनिटाला दीडशेच्या आसपास शब्द बोलतो असं धरा. म्हणजे एक शब्द स्क्रीनवर 0.4 सेकंद राहतो. सत्त्याहत्तर वर्षांच्या माणसानं चष्मा सावरेपर्यंत "त्या" जाऊन "वेळेला" आलेला असतो आणि "कुस्ती" कधी गेली त्याला कळतच नाही. ही अक्षरं वाचायला नाहीत, ती नाचायला आहेत!

आबांचं थोडं सांगते. शिरोलीला फौंड्रीत एकतीस वर्षं, त्यातली बरीचशी फेटलिंगला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कास्टिंग साच्यातनं निघालं की त्याच्या कडेचं नको असलेलं लोखंड ग्राइंडरनं घासून काढायचं, ते फेटलिंग. दिवसभर कानाशी तो आवाज. कानात घालायला काय मिळायचं? कापूस, तो पण आईनं घरनं दिलेला. आता कानाच्या तपासणीचा कागद बघितला की रेघ बरी चाललेली असते आणि 4000 हर्ट्झच्या आसपास विहिरीत पडल्यासारखी खाली जाते. कारखान्यातल्या आवाजानं गेलेला कान असाच जातो म्हणे, आधी उंच पट्टीचे आवाज जातात. आणि आपल्या बोलण्यातले स, श, फ हे बारीक वाऱ्यासारखे आवाज नेमके तिकडचेच. म्हणून आबांना आवाज ऐकू येतो, पण शब्द कळत नाही. "सात"मधला स गेला की काय उरलं? आठ. आमच्या घरात सात आणि आठवरनं जेवढी भांडणं झालीत तेवढी जमिनीवरनं झाली नसतील.

म्हणून कृपा करून "आवाज वाढवा की" असं सांगू नका. वाढवला की आ, ओ मोठा होतो, स तिथंच राहतो. शेजारी मात्र भिंत वाजवतात.

कॅप्शनचा शोध आम्हाला उशिरा लागला. आणि लागला तेव्हा कळलं की कॅप्शन कॅप्शनमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे. एक असते व्हिडिओत चिकटवलेली, म्हणजे ती अक्षरं चित्राचाच भाग झाली, भिंतीवर रंगवलेल्या जाहिरातीसारखी. तिला लहान-मोठं करता येत नाही, रंग बदलता येत नाही, बंद पण करता येत नाही. दुसरी असते वेगळी, CC बटण दाबल्यावर येते ती. ती नुसती मजकूर असते, व्हिडिओबरोबर वेगळी येते आणि तुमच्या टीव्हीवर तुमच्या मनाप्रमाणे रंगते. हा सगळा राग त्या "वेगळी" एवढ्या एका शब्दासाठी आहे.

आमच्या टीव्हीवर युट्युबला Caption style म्हणून आहे, कॉम्प्युटरवर गिअरच्या चिन्हात Subtitles/CC आणि त्यात Options, आणि अँड्रॉइड फोनला सेटिंग्जमधल्या Accessibility मध्ये Caption preferences, कंपनीप्रमाणे नाव थोडं इकडंतिकडं होतं. एका रविवारी मी आणि आबा यातच बसलो होतो, दोन तास. पहिल्यांदा उत्साहात अक्षर 200 टक्के केलं. दोन ओळींच्या चार ओळी झाल्या आणि पैलवानाचं तोंडच झाकलं. आबा ओठ बघून पण थोडं समजून घेतात, म्हणजे एक हातानं दिलं आणि दुसऱ्यानं काढलं. मग 150 वर आलो. मग अक्षराला काळी कड लावली, कारण कुणीतरी सांगितलेलं की कड असली की उठून दिसतं. इंग्रजीला दिसतही असेल. आपल्या अक्षरात आधीच एवढी गिचमिड, द्ध, क्ष, त्र यांच्या पोटातली मोकळी जागाच भरून जाते, "युद्ध" का "युध्य" काही कळेना. कड काढली आणि अक्षरामागं काळी पट्टी लावली, 75 टक्के गडद. त्यावर पांढरं अक्षर. पिवळं पण करून बघितलं, आबा म्हणाले एस्टीच्या पाटीसारखं दिसतंय, राहू दे पांढरं. फॉन्टचं नाव बदलत बसले तर देवनागरीत फरकच पडेना, फक्त इंग्रजी शब्द बदलत होते, तो नाद मी सोडला.

आणि स्पीड. हे कुणी सांगत नाही. वेग 0.75 केला की बोलणारा सावकाश होतोच, पण कॅप्शनही जास्त वेळ थांबते. दोन सेकंदांची ओळ पावणेतीन सेकंदांच्या जवळ जाते. आबांना तेवढं पुरतं. 0.5 करून बघितलं तर माणूस दारू पिऊन बोलतोय असं वाटायला लागलं, आबा हसून हसून बेजार. पण हे सगळं कधी? ओळ पूर्ण असेल तेव्हा. त्या उड्या मारणाऱ्या शब्दाला 0.75 केलं तर 0.4 चे 0.53 सेकंद होतात. काय वाचणार डोंबल?

बरं, रील लोक आवाज बंद करून बघतात, एसटीत, ऑफिसात, तिथं चिकटवलेली अक्षरं कामाला येतात. मान्य. पण चाळीस मिनिटांची मुलाखत म्हणजे रील आहे का?

मला माहितेय काहीजण म्हणतील, कलाकाराच्या कामाचा वेग प्रेक्षकानं का बदलावा. नेटफ्लिक्सनं स्पीडची चाचणी केली तेव्हा 2019 मध्ये हॉलिवूडचे दिग्दर्शक असेच भडकले होते. 2020 मध्ये ती सोय आलीच, आणि तिकडच्या बहिऱ्यांच्या आणि अंधांच्या राष्ट्रीय संघटनांनी तिचं कौतुक केलं. ज्याला लागतं त्याला विचारा की एकदा. एकाला सावकाश पाहिजे असतं, एकाला भरभर.

भरभरवाले म्हणजे आमचे तात्या. आबांचे दोस्त, पेठेतलेच, काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले. स्क्रीनवरचं त्यांना फोन वाचून दाखवतो, तो एवढ्या वेगानं की मला एक अक्षर कळत नाही, तात्यांना सगळं कळतं. शनिवारी संध्याकाळी तात्या येतात आणि दोघं सिनेमा बघतात. एकाला ऐकू येत नाही, एकाला दिसत नाही. हसू नका, आम्ही घरचे हसतो तेवढं पुरे आहे.

तात्यांसाठी मी ऑडिओ डिस्क्रिप्शन शोधलं. दोन संवादांच्या मधल्या रिकाम्या जागेत एक आवाज सांगतो, तो खिडकीतून वाकून बघतोय, तिनं चिठ्ठी फाडली. दोन-तीन सेकंदांची फट असते, त्यात बसेल एवढंच सांगायचं. भाषा निवडतो तिथंच, ऑडिओच्या यादीत मिळतं, असेल तर. इंग्रजीला बऱ्यापैकी असतं, हिंदीला शोधावं लागतं, मराठीत मी महिनाभर शोधतेय, मला एकही सापडलेलं नाही. 2015 मध्ये नेटफ्लिक्सनं ही सोय सुरू केली ती आंधळ्या हिरोच्या मालिकेपासून, ती पण लोकांनी बोंब मारल्यावर! आंधळ्याची गोष्ट आंधळ्यालाच कळणार नाही अशी काढलेली, बोला आता. आपल्याकडं 2023 च्या जानेवारीत दिल्ली हायकोर्टानं 'पठाण'च्या निर्मात्यांना सांगितलं की ओटीटीसाठी सबटायटल, क्लोज्ड कॅप्शन आणि ऑडिओ डिस्क्रिप्शन तयार करा. 2016 च्या अपंग हक्क कायद्यात हे लिहिलेलंच आहे, तरी कोर्टात जावं लागतं.

तर एका शनिवारी डिस्क्रिप्शनवाला हिंदी सिनेमा मिळाला, टीव्हीवर लावला. तात्या खूश. आबा दहा मिनिटांत अस्वस्थ. कुणीतरी बोलतंय एवढं त्यांना कळत होतं, पण खाली कॅप्शन काही येत नव्हती. कारण कॅप्शन संवादाची असते, त्या वर्णन करणाऱ्या आवाजाची नसते. आबांना वाटलं आपलं काहीतरी सुटतंय, त्यांनी रिमोट घेऊन सगळी सेटिंग उलटीपालटी केली. मग मी तोच सिनेमा फोनवर लावला, डिस्क्रिप्शन फक्त तात्यांच्या कानात, टीव्हीवर साधा आवाज. चहासाठी टीव्ही थांबवला, फोन चालूच राहिला, तात्यांना खून कुणी केला ते आमच्याआधी कळलं आणि त्यांनी मोठ्यानं सांगून टाकलं.

त्यानंतर त्यांनी स्वतःच सोय केली. आबा कॅप्शन वाचतात आणि स्वतःला जे दिसतं ते तात्यांना सांगतात, "आता आलाय बघ, हातात कोयता हाय." तात्या दारामागचा आवाज ऐकून आबांना सांगतात, "कुणीतरी जिन्यावरनं येतंय." चांगल्या कॅप्शनमध्ये हे पण लिहायचं असतं, जिन्यावर पावलं म्हणून. आमच्याकडं ते काम तात्या करतात.

हे लिहिता लिहिता राग थोडा उतरला. त्या चॅनेलवाल्या पोराला कदाचित खरंच माहीत नसेल. तर बाबा, तुझ्याकडं मजकूर आहेच, नाहीतर ती अक्षरं नाचवलीस कशी? तोच नोटपॅडमध्ये असा लिही:

```
1
00:00:05,000 --> 00:00:08,000
त्या वेळेला खासबागेत कुस्ती म्हणजे
पाय ठेवायला जागा नसायची.

2
00:00:08,200 --> 00:00:09,500
[हलगी वाजते]
```

शेवट .srt ठेव, सेव्ह करताना UTF-8 निवड, नाहीतर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात, मी रडलेय त्यावर. मग व्हिडिओच्या सबटायटलमध्ये अपलोड कर आणि व्हिडिओतली पिवळी अक्षरं काढून टाक, नाहीतर एकावर एक दोन्ही दिसतील. वेळ लागतो, खोटं सांगत नाही. मी चार मिनिटांचं करून बघितलं, तास गेला.

एडिट: त्या पोराचा मेसेज आला. इमोजी नाही या वेळी. म्हणतोय ताई, मजकूर आहे माझ्याकडं, वेळ कसे घालायचे तेवढं दाखवता का. उद्या घरी बोलवलंय, संध्याकाळी सातला. आबांना सांगितलं. आबा म्हणाले, "आठला कशाला, लवकर ये म्हणावं की."