लेबलवरचे तीन दिवस कोणत्या डोसचे? एका प्रतिक्रियेला उत्तर

"ताई, लेबल वाचा म्हणणं सोपं आहे. त्या बाटलीवरची अक्षरं भिंगाखाली धरली तरी दिसत नाहीत. माझा माल पिंपळगावला जातो, तिथं कोणी रेसिड्यू तपासत नाही. वेटिंग पिरियड एक्स्पोर्टच्या द्राक्षवाल्यांनी पाळावा. लेबलचा डोस मारला तर पांढरी माशी जागची हलत नाही. आणि लाल त्रिकोणाचं औषध मी कधीच आणत नाही, मग पिवळ्या-हिरव्यानं काय होणार आहे? पुस्तकी सल्ले पुरे."
– एक टोमॅटो उत्पादक, दिंडोरी

दादा, अक्षरांबद्दलची तक्रार शंभर टक्के खरी आहे. शंभर मिलीच्या बाटलीवर सगळं बसवायचं म्हटल्यावर तसंच होणार. पण पीकवार डोस आणि दिवसांचा तक्ता बाटलीवर शोधूच नका. तो माहितीपत्रकात असतो. कीटकनाशक नियमांप्रमाणे प्रत्येक पॅकिंगसोबत हे घडी घातलेलं पत्रक द्यावंच लागतं. पुष्कळदा ते दुकानातल्या खोक्यातच पडून राहतं आणि आपल्या हातात नुसती बाटली येते. बिल घेतानाच पत्रक मागून घ्या, मोबाइलवर फोटो काढा आणि बोटांनी मोठा करून वाचा.

आता तुम्ही टोमॅटोवाले आणि पांढऱ्या माशीचा विषय तुम्हीच काढलात, म्हणून इमिडाक्लोप्रिड १७.८ एसएलचंच पत्रक घेऊ. ते पिवळ्या त्रिकोणाचं औषध आहे आणि आपल्याकडे टोमॅटोलाही चालतं, द्राक्षालाही. टोमॅटोच्या ओळीत आधी ३० ते ३५ असा आकडा दिसतो. तो सक्रिय घटकाचा आहे, ग्रॅममध्ये, हेक्टरी. ड्रममध्ये ओतायचा आकडा तो नाही. त्याच्या पुढच्या रकान्यात १५० ते १७५ मिली आहे, तो आपला. त्यापुढे पाणी ५०० लिटर आणि शेवटी दिवस ३, म्हणजे फवारणीनंतर तोड्यापर्यंत थांबायचे दिवस. एकराचा हिशेब केला तर साधारण ६० ते ७० मिली औषध आणि २०० लिटर पाणी, म्हणजे एकच ड्रम. लिटरला पडतं ०.३ ते ०.३५ मिली, पंधरा लिटरच्या पंपाला साडेचार ते पाच मिली. हे टोपणानं मोजता येत नाही, कारण प्रत्येक बाटलीचं टोपण वेगळं. मेडिकलमधून दहा मिलीची सिरिंज आणा, सुई काढून टाका आणि ती फक्त औषधालाच ठेवा.

इथपर्यंत बरेच जण येतात. चूक होते ती यापुढे. तारेवर चढलेला, डोक्याएवढा झालेला टोमॅटो एका ड्रममध्ये नीट भिजत नाही. म्हणून एसटीपी पंप लावून एकराला तीन ड्रम मारले जातात, आणि प्रत्येक ड्रममध्ये "लिटरला ०.३५ प्रमाणे" ७० मिली औषध. लिटरचं प्रमाण अगदी बरोबर, पण एकरात गेलं २१० मिली, लेबलच्या तिप्पट. शेतकऱ्याला वाटतं आपण लेबलचाच डोस मारला, आणि तो तसं प्रामाणिकपणे सांगतोही. म्हणून लिटरचा आकडा एकटा कधीच वाचू नका. एकराला एकूण किती औषध गेलं, ते आधी ठरवा. पाणी वाढवायचंच असेल तर तेच ७० मिली जास्त पाण्यात वाटलं जाईल. पण मग द्रावण पातळ होऊन कीड नीट मरत नाही, ही अडचणही खरी आहे. तिच्यावर उपाय जादा पाणी नाही. नोझल बदला, थेंब बारीक करा आणि पानाच्या खालच्या बाजूने फवारा. पांढरी माशी खालीच असते, आणि पानांवरून ओघळून सरीत पडलेलं औषध तिच्या काही कामाचं नाही.

आता ते तीन दिवस. ते लेबलच्या डोसवर घेतलेल्या चाचण्यांमधून आलेले आहेत. औषध झाडात ठरावीक काळात निम्मं होतं, पुढच्या तेवढ्याच काळात पुन्हा निम्मं. हिशेबापुरतं धरू की ते दर तीन दिवसांनी निम्मं होतं. मग डोस दुप्पट केला की फळातला अंश मान्य मर्यादेखाली यायला तीन दिवस जास्त लागतील आणि तिप्पट केला की जवळपास पाच. म्हणजे पत्रकावर तीन लिहिलेलं असलं तरी तीन ड्रमवाल्या प्लॉटला आठ दिवस थांबावं लागेल. तुमचा तोडा तर दर दोन-तीन दिवसांनी असतो. म्हणजे मधले दोन-तीन तोडे जादा अंश घेऊनच क्रेटमध्ये भरले जातात. इमिडाक्लोप्रिड आंतरप्रवाही आहे, झाडाच्या आत जातं, त्यामुळे घरी नळाखाली धुतलं की गेलं असंही होत नाही.

त्याच पत्रकात खाली द्राक्षाची ओळ बघा. लिटरचं प्रमाण जवळपास तेच, ०.३ ते ०.४ मिली, पण दिवस ३२. बाटली एक, त्रिकोण एक, आणि टोमॅटोला तीन दिवस तर द्राक्षाला महिन्याच्या वर. पीक बदललं की फळाची वाढ, साल, औषध मुरण्याची पद्धत आणि मान्य मर्यादा सगळंच बदलतं. ज्यांच्याकडे बांधाच्या अलीकडे बाग आणि पलीकडे टोमॅटो आहे, त्यांनी टोमॅटोची सवय बागेत नेली तर काय होईल ते वेगळं सांगायला नको. शेजारच्या बागेवर फवारा उडतो, तेव्हाही हाच प्रश्न असतो. प्रतीक्षा कालावधी एक्स्पोर्टपुरता आहे, हे मला अजिबात मान्य नाही. देशात विकल्या जाणाऱ्या भाजीलाही कीटकनाशकांच्या अंशाची मर्यादा अन्न सुरक्षा नियमांत दिलेली आहे. पिंपळगावच्या लिलावात कोणी नमुना घेत नसेल, पण तो टोमॅटो खाणारं पोर नाशकातलंच असतं.

म्हणून तोडे चालू झाल्यावर औषध निवडताना शेवटचा रकाना आधी बघा. तीन दिवसांचं औषध तोडा झाल्याच्या संध्याकाळी मारलं तर पुढच्या तोड्याआधी मुदत भरते, फक्त तो तोडा एखादा दिवस पुढे ढकलावा लागेल. ज्याचे सात किंवा दहा दिवस आहेत, ते तोडे चालू असताना बसतच नाही. ते फुलोऱ्याआधीच वापरायचं. मोजणी फवारणीच्या दुसऱ्या दिवसापासून करा, आणि प्लॉटमध्ये शेवटची ओळ ज्या दिवशी मारली, तो दिवस धरा.

"माशी हलत नाही" या तुमच्या अनुभवावर मी शंका घेणार नाही. पण डोस वाढवायच्या आधी मागच्या फवारण्यांची नावं कागदावर लिहून बघा. ब्रँडची नकोत, ब्रँडखाली बारीक अक्षरात असतं ते मूळ घटकाचं नाव लिहा. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम, ॲसिटामिप्रिड ही तिन्ही एकाच गटातली आहेत. तीन कंपन्यांच्या तीन रंगीत बाटल्या आलटून पालटून मारल्या तरी माशीच्या लेखी ते एकच औषध असतं. त्यातून वाचलेल्या माश्यांची पिढी तुमच्याच शेतात तयार होते. अशा माशीला दुप्पट डोसही पुरत नाही. गट बदलावा लागतो. दुसरी शक्यता अशी की माशी मेली, पण तिने आणलेला लीफ कर्लचा विषाणू आधीच झाडात शिरला होता. शेंडा आखडला, पानं वर वळली, की पुढं कोणतंही कीटकनाशक ते झाड सुधारत नाही. अशा वेळी औषध फेल गेलं असं वाटतं आणि पुढच्या वेळी डोस वाढतो.

आता त्रिकोण. लाल टाळता हे चांगलंच आहे, ते सोडू नका. पण रंग काय सांगतो ते नेमकं धरा. बाटलीतलं औषध तोंडावाटे किंवा कातडीतून एकदम अंगात गेलं तर किती घातक, एवढंच तो सांगतो. उतरत्या क्रमाने लाल, पिवळा, निळा, हिरवा. माल किती दिवसांनी तोडायचा, अंश किती राहील, वर्षानुवर्षं थोडं थोडं पोटात गेलं तर काय होईल, यातलं काहीच रंगात नसतं. मॅन्कोझेबचा त्रिकोण हिरवा आहे. तरीही युरोपीय संघाने त्याची मान्यता पुढे न वाढवण्याचा निर्णय २०२० साली घेतला, आणि तो दीर्घकालीन परिणामांच्या चिंतेतून घेतला.

आणि पिवळा म्हणजे सौम्य, असं तर मुळीच नाही. पिवळ्या त्रिकोणाच्या वरच्या भागात लाल अक्षरात "विष" असंच छापलेलं असतं. लालमध्ये त्याच शब्दासोबत कवटी असते, एवढाच दिसण्यातला फरक. शिवाय हा रंग बाटलीतल्या औषधाचा आहे. लिटरला ०.३५ मिली म्हणजे बाटलीतलं औषध ड्रमच्या पाण्यापेक्षा जवळपास तीन हजार पट तीव्र. त्यामुळे सगळ्यात धोक्याचे क्षण बूच उघडून मोजण्याचे असतात, आणि नेमकं तेव्हाच आपण उघड्या हाताने काम करतो. उन्हात पूर्ण पोशाख चढवणं अवघड आहे हे मला कळतं. म्हणून निदान मिसळताना तरी रबरी हातमोजे आणि चष्मा हवाच. कापडी मोजे नकोत, ते औषध शोषून हाताला चिकटवून ठेवतात. फवारताना पूर्ण बाह्या, मास्क आणि वाऱ्याकडे पाठ. पाठीवरचा पंप गळत असेल तर त्या दिवशी फवारणी करू नका, ओला शर्ट तासभर अंगावर राहणं हीच विषबाधेची वाट आहे. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीतून वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यांनी औषध प्यायलं नव्हतं, ते फवारत होते.

कोणाला मळमळ, चक्कर, घाम, धूसर दिसणं असं काही जाणवलं तर फवारणी थांबवा, कपडे उतरवा, अंग साबणाने धुवा आणि दवाखान्यात जाताना बाटली किंवा तुम्ही काढलेला तो पत्रकाचा फोटो सोबत न्या. डॉक्टरला ब्रँडच्या नावाचा उपयोग नाही, घटकाचं नाव लागतं. ऑर्गॅनोफॉस्फेट गटाच्या औषधावर ॲट्रोपिनचा उतारा असतो. इमिडाक्लोप्रिडला ठरावीक उतारा नाही, लक्षणं बघून उपचार करतात. दोघांत सुरुवातीची लक्षणं मिळतीजुळती असू शकतात, म्हणून "कसलं तरी पांढऱ्या माशीचं औषध होतं" एवढ्यावर त्यांना काही ठरवता येत नाही.

तुमच्याकडच्या बाटलीचं पत्रक हाताला लागलं की टोमॅटोच्या ओळीचा फोटो पाठवा आणि एकराला किती ड्रम मारता तेही लिहा. तोड्याच्या तारखा दिल्यात तर दिवसांचा हिशेब आपण मिळून लावू.