शंभरचा प्लॅन आणि फिरणारं चाक

कंपनीचा पोरगा येतो, राउटरच्या पुढ्यात उभा राहतो आणि मोबाईलवर स्पीड टेस्ट लावतो. काटा सरसर ९५ वर. "काका, शंभरचा प्लॅन हाय, पंच्याण्णव येतंय. आणि काय पायजे?"

काय बोलणार? टीव्हीवर नेटवरची कुस्ती रंगात आलेली असते, एक पैलवान दुसऱ्याला उचलतो आणि नेमकं तेव्हाच चाक फिरायला लागतं. माझा चहा होईस्तोवर तो बिचारा हवेतच.

आमचं घर शुक्रवार पेठेतलं, जुनं. राउटर सोप्यात, टीव्ही मागच्या खोलीत, मधे हातभर जाडीच्या दोन दगडी भिंती. पोरग्याची टेस्ट होते वायफायच्या ५ गिगाहर्ट्झ बँडवर. हा बँड पळतो भारी, पण भिंत दिसली की हाय खातो. टीव्हीपर्यंत पोचतो तो २.४ चा. बरं, त्या खोलीतही टेस्ट ३० दाखवते, आणि एचडी व्हिडिओला पाचेक पुरतात!

सुट्टीला आलेली भाची म्हणाली, "मामा, इंटरनेट सोडा. आधी आपल्या राउटरलाच हाक मारून बघू." रात्री नऊला तिनं टीव्हीशेजारी लॅपटॉप ठेवला आणि लिहिलं:

```
ping -t 192.168.1.1
```

दुपारी तीन-चार मिलिसेकंदांत ओ देणारा राउटर आता ४, ६, ३८० असं काहीही बोलत होता. मधेच `Request timed out`. म्हणजे घोळ कंपनीच्या वायरीत नव्हता, घरातल्या हवेत होता. टेस्ट काही सेकंदांची सरासरी सांगते, त्यात हे खड्डे बुजून जातात. व्हिडिओला मात्र माल सारखा लागतो. साठा संपला की चाक.

मग तिनं मोबाईलवर आसपासची वायफाय दाखवली. सगळी पेठ चॅनल ६ वर! एका चॅनलवर एका वेळी एकानंच बोलायचं, बाकीच्यांनी थांबायचं. रात्री नऊला सगळ्यांचेच टीव्ही चालू, मग थांबा. २.४ मध्ये एकमेकांच्या अंगावर न येणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. वरच्या मजल्यावरचे `Naad_Khula` मात्र चॅनल ३ वर, पंगतीत दोन पाटांच्या मधे मांडी घातल्यागत. त्यांचा १ लाही त्रास, ६ लाही.

११ मोकळा होता. भाचीनं राउटरचं 'ऑटो' काढून ११ टाकलं. कुस्ती निकाली झाली. मग एके दिवशी पेठेतली लाईट गेली. परत आल्यावर सगळ्यांचे 'ऑटो' राउटर नव्यानं जागा शोधायला लागले आणि निम्मे ११ वर येऊन बसले.

शेवटी टीव्हीला थेट लॅनची वायर न्यायचं ठरलं. भोक पाडायला गवंडी बोलावला. त्यानं भिंतीवर थाप मारली, कान लावला आणि म्हणाला, "एवढी भिंत कशाला फोडताय? वायफाय घ्या की!"